जिन्याखालची जागा

"मनोऱ्याचं दार सताड उघडं आहे," धडकरावांनी सकाळी सकाळी वर्दी दिली, "पण आत जाता येत नाही."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मनोरा तिचा होता. एकेक वीट, एकेक पायरी, घड्याळाच्या चाकाचा एकेक दात तिने आपल्या हाताने घडवला होता, आणि आज दुपारी चार वाजता प्रकाशक बाई तो चढून बघणार होत्या.

धडकराव म्हणजे या स्टुडिओतले टेस्टर. तयार होत असलेला गेम खेळून त्यातल्या खोड्या काढायच्या, हे त्यांचं काम. दिसेल त्या भिंतीला, खांबाला, बाकड्याला ते मुद्दाम धडका देत फिरायचे, म्हणून हे नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर असेल कुठेतरी. गृहस्थ इतके मनापासून धडकायचे, की टायरच्या दुकानावरच्या त्या तीन खोल्यांत चालताना खऱ्या टेबलांनाही त्यांचा धक्का लागायचा.

"म्हणजे दार बंद दिसतंय?" धाकटीने विचारलं.

"अहो, दार उघडं, आतला जिना दिसतोय, झकास आहे. पण मुलगी उंबऱ्याशी जाऊन नुसती पाय आपटत उभी राहते. काचेवर माशी आपटते तशी."

मुलगी म्हणजे गेममधली मुलगी. हातात कंदील घेऊन ती एका ओसाड गावातून फिरते आणि सगळ्यात शेवटी घड्याळाच्या मनोऱ्याशी येते. मनोरा चढायचा, वरचं बंद पडलेलं घड्याळ चालू करायचं, की गोल खिडकीत थबकलेलं ऊन पुढे सरकतं आणि सकाळ होते. असा सगळा बेत. सगळ्या गेमचा जीव त्या मनोऱ्यात होता आणि धाकटीचाही.

मागून मुकादम आले. स्टुडिओ त्यांचा. बांधकामावर उभं राहिल्यासारखे कमरेवर हात ठेवून ते सगळ्यांच्या पाठीमागे उभे राहायचे. त्यांनी पडद्यावरची पाय आपटणारी मुलगी बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"चारला बाई येतायत. तीनला मी बघणार," ते म्हणाले. "मनोरा चालला तर उत्तम. नाही चालला, तर डेमो मनोऱ्याआधीच्या चौकातच संपवायचा. आणि मग पुढेही माझ्याकडे वेळ नाही बाळ, बाजारातून तयार मनोरा विकत आणून बसवू."

विकतचा मनोरा! धाकटीला हे फार लागलं. कुणाच्या तरी हातचा, शंभर गेममध्ये उभा असलेला, जिन्याला धड कठडाही नसलेला मनोरा. आणि तिचा जाणार कचऱ्यात. रागाने तिचे कान लाल झाले, आणि खरं सांगायचं तर त्याच रागाने ती कामाला लागली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीला जाड पडदा लावून तिची ताई बसली होती. गेममधला सगळा उजेड ताईच्या हातात असायचा. कुठे ऊन, कुठे सावली, कुठे दिव्याचा पिवळा डाग, हे ती ठरवायची. धाकटीला या नोकरीचा पत्ता तिनेच दिला होता, पण एका अटीवर. "दाराच्या आत मी तुझी ताई नाही. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीच्या पदराला धरून आली. तुझं तू निस्तरायचं." झालं. तेव्हापासून दोघी एकाच घरातून निघून दोन वेगळ्या वेळांना ऑफिसात पोचायच्या. काही हवं असेल तर ताई मेसेज पाठवायची, "कृपया मनोऱ्याची फाइल पाठवावी." कृपया! सख्ख्या बहिणीला! धाकटी आधी हसायची. मग तिला वाईट वाटायला लागलं, कारण ते परकेपण हळूहळू घरीही यायला लागलं होतं. जेवताना सुद्धा ताई आता फाइलच मागतेय की काय अशा सुरात बोलायची.

तर आत्ताही ताईने मान वळवली नाही. धाकटीने मनोरा इंजिनात, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये सगळा गेम जुळवून चालवतात त्यात, उघडला आणि धडकेचा आकार दाखवायचा पर्याय लावला.

आपल्याला डोळ्यांना दिसतो तो मनोरा एक, आणि गेममधल्या मुलीला अंगाला लागतो तो मनोरा दुसरा. हा दुसरा दिसत नाही, पण पाय कशावर ठेवायचा आणि कुठे अडायचं हे तोच ठरवतो. त्याचा आकार साधा ठेवावा लागतो, कारण यंत्राला प्रत्येक क्षणी तपासायचं असतं, मुलगी कशाला टेकली, कंदील कुठे आपटला. धाकटीने तो आकार बनवलाच नव्हता. सजावटीच्या नादात राहून गेला. मग इंजिनाने स्वतःच एक बनवून टाकला होता, आणि तो बघून तिला रडावं की हसावं कळेना. खुर्चीवर चादर टाकून चारी बाजूंनी घट्ट गाठोडं बांधावं, तसा तो होता. गाठोड्यात खुर्चीच्या पायांमधली जागा दिसते कुठे? तसंच दार, आतली पोकळी, जिना, सगळं एका भरीव ठोकळ्यात गुंडाळलं गेलं होतं. मुलगी आत जाणार कशी?

"सापडलं!" ती ओरडली. खाली टायरवाल्याच्या यंत्राने त्याच वेळी नट घट्ट करायचा घर्रर्र आवाज काढला, म्हणून बरं, नाहीतर शेजारची खोली दचकली असती.

आता सोपी वाट होतीच. दिसणारा मनोराच धडकेसाठीही वापरायचा, एक खूण केली की झालं. तिने खूण केली. धडकरावांनी कंट्रोलर हातात घेतला. मुलगी उंबरा ओलांडून आत गेली! धाकटीने टाळी वाजवली. पण ती टाळी जरा लवकर पडली. जिन्यावर मुलगी गचके खात चढायला लागली. प्रत्येक पायरीच्या पुढे आलेल्या पातळ कडेला ती अडखळत होती. मग वर चाकांच्या दातांमध्ये तिचं अंग अडकलं आणि चित्रच थांबून थांबून हलायला लागलं. इतके दात, इतके कठड्याचे गज, लाखभर बारीक त्रिकोण, आणि धडकराव कंदील फेकायचे तेव्हा यंत्र प्रत्येकाशी हिशेब करत बसलं होतं.

"आत जाता येतं," धडकराव म्हणाले, "पण बैलगाडीत बसल्यासारखं होतंय हो."

"काढते," धाकटी म्हणाली. "हातानेच करते."

मग जे सुरू झालं त्यात तिला भूक राहिली नाही की तहान. हेडफोन कानावर, पण गाणं लावायचंही भान नाही. मनोरा तिने पुन्हा मॉडेलिंगच्या प्रोग्रॅममध्ये उघडला आणि त्याच्यावर साधे ठोकळे बसवायला घेतले. नियम एकच. प्रत्येक ठोकळा सगळीकडून फुगीर हवा, कुठेही खळगा नको, कारण खळगा असला की इंजिन तो बुजवणार. गोल भिंत एका तुकड्यात घेतली तर परत गाठोडंच. म्हणून भिंतीचे उभे तुकडे केले, पिंपाच्या फळ्यांसारखे शेजारी शेजारी. दाराच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, डोक्यावर आडवा एक, आणि मधली जागा मोकळी. तुकडे एकमेकांत थोडे घुसले तरी चालतात, पण मध्ये फट राहता कामा नये. फटीत कंदील जाऊन पडला, की धडकराव दिवसभर तेच सांगत बसणार.

चाकांना तिने एकेक चपटी तबकडी दिली, दातबित काही नाही. कठड्याच्या सगळ्या गजांना मिळून एक पातळ फळी. आणि जिना! जिन्याच्या पायऱ्या तिने चक्क काढून टाकल्या. डोळ्यांना पायऱ्या दिसतील, पायांना लागेल तो उतार. गोल फिरत वर जाणाऱ्या उताराचे पाचरीसारखे तुकडे केले, प्रत्येकाची वरची बाजू पायऱ्यांच्या कडांना बरोबर टेकवली, म्हणजे मुलीचे पाय लाकडात बुडणार नाहीत आणि हवेतही तरंगणार नाहीत. वरचे तुकडे पातळ ठेवले. खालच्या वळणाला आली तेव्हा घड्याळाकडे नजर गेली आणि तिने खालच्या पाचरी सरळ जमिनीपर्यंत भरीव ओढल्या. कमी कटकट. कोण जातंय तिथे खाली?

हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हटलं आणि पुढे गेली. ते लक्षात ठेवा.

सगळ्या ठोकळ्यांना इंजिनाला कळतील अशी नावं दिली, मनोऱ्याबरोबर पाठवले आणि धडकरावांकडे बघितलं. धडकराव दारातून आत गेले, भिंतींना धडकले, दाराच्या कोपऱ्यांना खांदा मारला, जिना असा चढले, की लिफ्टने गेल्यासारखं वाटावं. वर जाऊन चाकांना धडका मारल्या आणि खाली बघून म्हणाले, "लोण्यासारखं!"

धाकटीने दोन्ही हात वर करून खुर्चीसकट एक गिरकी घेतली.

गिरकी पूर्ण व्हायच्या आत मेसेज आला. ताईचा. "मनोऱ्याचा उजेड तपासला. कृपया पाहावे." खाली एक चित्र.

कुठे किती ऊन, किती सावली याचा हिशेब यंत्राकडून आधीच करून घेऊन तो भिंतींवर पक्का करायचा, याला बेक म्हणतात; ताईने त्याची मनोऱ्यापुरती कच्ची चाचणी करून बघितली होती.  गोल खिडकी एकाच बाजूला होती, पण उन्हाचा गोल डाग समोरासमोरच्या दोन भिंतींवर पडला होता. जिन्याच्या फळ्यांवर काळे ओघळ आले होते, छतावरची सावली जमिनीजवळ दिसत होती. मनोऱ्याला कसलं तरी त्वचेचं दुखणं झाल्यासारखं दिसत होतं.

कारण तिला बघता क्षणी कळलं, आणि चूक तिच्यासारख्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. विटांचं चित्र मोठं दिसावं म्हणून तिने मनोऱ्याचा अर्धाच भाग रंगवला होता आणि दुसरा अर्धा त्याचंच आरशातलं रूप म्हणून उलटा बसवला होता. भिंती सोलून कागदावर पसरल्या तर डावी भिंत उजव्या भिंतीवर बरोबर चढत होती. विटांना त्याने काही फरक पडत नाही, वीट इथली काय आणि तिथली काय. पण उजेडाला पडतो. ऊन डाव्या भिंतीवर आहे आणि उजवी अंधारात आहे, हे यंत्राने त्या एकाच कागदाच्या एकाच जागेवर लिहायचं कसं? त्यासाठी पृष्ठभाग दुसऱ्या एका कागदावर वेगळे पसरायचे असतात. दुसरा चॅनेल म्हणतात त्याला. तिथे प्रत्येक तुकड्याला स्वतःची जागा हवी, कुणी कुणावर चढायचं नाही. धाकटीने दुसरा चॅनेल म्हणून पहिल्याचीच नक्कल टाकून दिली होती.

ती उठून ताईच्या टेबलाशी गेली. आज पहिल्यांदा.

"एका तासात देते," ती म्हणाली. "शेवटचा बेक किती वेळ घेतो?"

ताईने पडद्यावरून नजर काढली नाही. "सगळ्या गावाचा मिळून जवळपास दोन तास. दुपारी एकला मी बटण दाबणार. परत दाबायला वेळ नाही."

"इंजिनाकडून आपोआप करून घेऊ का? दुसरा चॅनेल?"

"घे. खिडकीजवळच्या भिंतीचे चिंध्यांएवढे तुकडे होतील आणि प्रत्येक शिवण उन्हात दिसेल." मग क्षणभर थांबून, जरा हळू आवाजात, "तू बघ काय करायचं ते."

तू! कृपया नाही, पाहावे नाही. धाकटी परत जागेवर गेली ती जवळजवळ उड्या मारतच.

तुम्ही कधी सामानाची बॅग भरली असेल, तर हे काम तुम्हाला कळेल. एक चौकोन, आणि त्यात मनोऱ्याची सगळी सालं बसवायची. चौकोनाच्या बाहेर काही जाऊ द्यायचं नाही. तिने भिंती कोपऱ्यांवर कापल्या, जिथे शिवण तशीही दिसत नाही, आणि सपाट भिंतीच्या मधोमध कात्री लावली नाही. उलटा बसवलेला अर्धा भाग वेगळा काढला. जी बाजू कुणाला कधीच दिसणार नाही, म्हणजे छपराची वरची बाजू, चाकांची मागची तोंडं, त्यांना नखाएवढी जागा. खिडकीसमोरच्या भिंतीला ऐसपैस जागा, कारण सकाळ तिथेच पडणार. आणि प्रत्येक दोन तुकड्यांत थोडं अंतर. हे अंतर डोळ्यांनी ठरवून चालत नाही. उजेडाचा नकाशा ठिपक्यांचा असतो आणि त्याचे ठिपके मोठे असतात. एकच ठिपका दोन तुकड्यांवर पडला की अंधारातला काळा रंग शेजारच्या उन्हात झिरपतो. ताईने मनोऱ्याला किती ठिपक्यांचा नकाशा दिलाय ते बघून तिने अंतर ठेवलं आणि तुकड्यांच्या सरळ कडा ठिपक्यांच्या रेषांवर आणून बसवल्या.

सगळं बसल्यावर चौकोनात एक कोपरा रिकामा राहिला. धाकटी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली आणि मग तिने जिन्याखालची भिंत उचलून मोठी केली, इतकी मोठी, की हिशेबाने तिला शोभणार नाही. जिन्याखाली तिने एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलं होतं. त्यालाही जागा वाढवून दिली. हे तिने का केलं, ते कुणी विचारलं असतं तर तिने खांदे उडवले असते.

मी सांगतो. दोघी बहिणी लहान असताना ज्या इमारतीत राहायच्या, तिच्या जिन्याखाली एक जागा होती. धाकटी तिथे जाऊन बसायची, रडायला, लपायला, कधी उगीचच. जागा एकीपुरतीच होती. पण दर वेळी थोड्या वेळाने ताई वाकून आत डोकवायची आणि म्हणायची, "सरक." बास, एवढंच. काय झालं, कोण काय बोललं, काही विचारायची नाही. गेममधला जिना घडवताना धाकटीने फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या होत्या, कारण त्या जिन्यालाही फटी होत्या आणि त्यांतून उजेडाचे पट्टे अंगावर पडायचे.

एकला दोन मिनिटं असताना तिने फाइल पाठवली. ताईने ती उघडली, तुकडे एकमेकांवर चढलेत का ते तपासलं, एकही नव्हता. मग तिने बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "उजेडाला कोणता चॅनेल लावलायस?"

धाकटीने जीभ चावली. नवा चॅनेल केला होता, फाइलमध्ये होता, पण मनोऱ्याने उजेडासाठी कोणता वापरायचा ते सांगायचं राहिलं होतं. इंजिन अजून विटांच्याच कागदाकडे बघत होतं. तिने धावत येऊन ताईच्या खांद्यावरून हात घातला, आकडा बदलला, आणि इंजिनाने स्वतःच्या मनाने नवा चॅनेल करावा अशी जी खूण होती, तीही काढून टाकली. नाहीतर त्याने तिच्या कामावर आपलं काम लिहून ठेवलं असतं.

"आता?" ताई म्हणाली.

"आता."

बटण दाबलं गेलं. पडद्याच्या तळाशी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. सगळी कॉम्प्युटरं पंख्यांसकट घोंघावायला लागली, खोली तापली. धडकराव डबा उघडून जेवले. धाकटीला एक घास गेला नाही. मुकादम दर थोड्या वेळाने येऊन पट्टीकडे असे बघायचे, जणू त्यांनी बघितल्याशिवाय ती पुढे जाणारच नाही.

तीन वाजायला आले तेव्हा पट्टी भरली. ताईने मनोरा उघडला.

 गोल खिडकीतून उन्हाचा एक डाग निघून समोरच्या भिंतीवर पडला होता, एकाच भिंतीवर, आणि कडेला किंचित सोनेरी होऊन विटांत विरला होता. छताचा काळोख छताशीच होता. एकही ओघळ नाही, शिवण नाही. धाकटीने तोंडावर हात धरला. तिला इतका आनंद झाला होता, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून ती उगीच खाली वाकून चप्पल नीट करायला लागली.

"हे काय आहे?" ताईचा आवाज आला.

धाकटीने वर बघितलं. ताईने नजर खाली, जिन्याखाली नेली होती. फळ्यांच्या फटींतून ऊन उतरलं होतं आणि भिंतीवर, बुटक्या स्टुलावर, जमिनीवर उजेडाचे पट्टे पडले होते. स्पष्ट, एकेक. ठिपक्यांना जागा भरपूर मिळाली होती ना. ताई त्या पट्ट्यांकडे किती तरी वेळ बघत राहिली. मग तिने जे केलं ते या ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं. ती कधी गेम खेळायची नाही, नुसता उजेड करायची. तिने धडकरावांच्या हातातून कंट्रोलर घेतला.

मुलीला तिने दारातून आत नेलं, जिन्याला वळसा घातला, खाली वाकवलं. आणि मुलगी अडली. जिन्याखाली काहीच नव्हतं, मोकळी जागा डोळ्यांसमोर दिसत होती, आणि मुलगी हवेला डोकं लावून पाय आपटत होती.

"मला आत जायचंय," ताई म्हणाली. हट्टाने म्हणाली, लहान मुलीसारखी.

धाकटीला आठवलं. जमिनीपर्यंत ओढलेल्या भरीव पाचरी. कोण जातंय तिथे खाली? उजेडाला तिने जागा दिली होती आणि माणसाला नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला!

"मॉडेलिंगमध्ये जाऊन पातळ करते, परत पाठवते—" ती उठलीच.

"खुळी आहेस का!" ताईने तिचा दंड धरला. "मनोरा परत पाठवलास तर इंजिन म्हणेल, वस्तू बदलली, उजेड पुन्हा करा. दोन तास कुठून आणणार?"

बाहेरच्या खोलीत मुकादमांची पावलं वाजत होती. तीनला पाच कमी. तेवढ्यात धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मनोऱ्याला हातच लावायचा नाही!" ती ओरडली. "ठोकळे इथेच बदलू, इंजिनात! उजेडाला ठोकळे दिसत नाहीत. त्याला दिसतात फक्त भिंती!"

ताईने आपली खुर्ची मागे सरकवली आणि धाकटी तिच्या जागेवर बसली. तिने इंजिनातच जिन्याचे धडकेचे आकार उघडले, जमिनीपर्यंतच्या पाचरी एकेक करून निवडल्या आणि पुसल्या. त्यांच्या जागी इंजिनातलेच साधे पातळ डबे घेतले, तिरके फिरवले, पायऱ्यांच्या कडांना टेकवले. डबे बरोबर बसत होते. पहिला, दुसरा, शेवटचा. एका ठिकाणी जोडाला फट दिसली, तिथे डबा जरा पुढे ओढला. जतन केलं. दोघींनी उजेडाकडे बघितलं. पट्टे जागच्या जागी होते. उजेड पुन्हा करा असा इशारा कुठेच आला नाही.

"धडकराव, लवकर!"

धडकराव जिना चढले. लोणी. उतरले, वळसा घातला, वाकले. मुलगी जिन्याखाली शिरली, स्टुलापाशी जाऊन टेकली, आणि डोक्यावरच्या फटींतला उजेड तिच्या कंदिलावर पडला. धडकरावांनी सवयीने भिंतींना चार धडका दिल्या आणि मान डोलावली. मागे मुकादम येऊन उभे होते, कमरेवर हात.

"खाली काय करताय? वर न्या तिला," ते म्हणाले. धडकरावांनी वर नेली. घड्याळ चाललं, सकाळ झाली. मुकादमांनी हात कमरेवरून खाली सोडले. "ठीक. पण बाईंनी बघू द्या. त्यांना नाही पटलं तर चौकातच संपेल," ते म्हणाले.

चारला प्रकाशक बाई आल्या. चांगली खुर्ची, चांगला पडदा, पाण्याचा पेला, सगळं बाहेरच्या खोलीत गेलं. आतल्या खोलीत एक खुर्ची उरली आणि बाईंचा खेळ दाखवणारा एक जुना पडदा. त्या खुर्चीत धाकटी बसली, मुठी आवळून. मागे सगळे उभे.

बाईंनी गाव पार केलं, चौक पार केला. मनोऱ्याच्या उघड्या दारातून त्या आत गेल्या, न अडता. धाकटीच्या जिवात जीव आला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. आणि थांबल्या. मागे फिरल्या. मुलीने जिन्याला वळसा घातला, वाकली, जिन्याखाली शिरली आणि उजेडाच्या पट्ट्यांत जाऊन बसली. तिथून हलेचना.

"अडकली की काय?" मुकादमांचा आवाज दारातून आला. "बाई, वर जायचंय, शेवट वर आहे."

"माहिती आहे हो," बाईंचा आवाज आला. "थांबा जरा. इथे बसू द्या मला."

किती तरी वेळ त्या बसून राहिल्या. मग सावकाश उठल्या, मनोरा चढल्या, घड्याळ चालू केलं, सकाळ झाली. कंट्रोलर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हा मनोरा कुणी केला?" मुकादम म्हणाले, "आमच्याच मुलीने. राहणार आहे तो, राहणार आहे." आतल्या खोलीत धडकरावांनी अशी उडी मारली, की टेबलाला धडकले. बाहेर बाईंनी कंट्रोलर परत उचलला आणि म्हणाल्या, "मग मी पुन्हा खाली जाते."

पडद्यावर मुलगी जिना उतरायला लागली. धाकटीला आता पडदा नीट दिसत नव्हता, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात तिच्या खांद्याला कुणाची तरी कंबर लागली.

"सरक," ताई म्हणाली. सगळ्यांच्या देखत, दाराच्या आत.

धाकटी सरकली. खुर्ची एकीपुरतीच होती. अर्ध्या अर्ध्या जागेवर दोघी बसल्या, आणि मुलगी वाकून जिन्याखाली शिरली तेव्हा ताईने उगीचच आपलंही डोकं जरा खाली केलं.